नावाआधी कवच

होळी झाली की माझ्या फोनवर बियांचे फोटो यायला लागतात. झाडांवरच्या शेंगा तोवर वाळलेल्या असतात. फिरायला गेलेली माणसं रस्त्याकडेला वाकून काहीतरी उचलतात, खिशात टाकतात आणि घरी येऊन तळहातावर ठेवून फोटो काढतात. खाली दोन प्रश्न असतात: "ताई, ही कशाची बी? आणि रुजवायची कशी?" मी देशी झाडांच्या रोपवाटिकेत काम करते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातलेच आहेत. विचारणाऱ्याला वाटतं की आधी नाव कळेल आणि मग रुजवण्याची रीत कळेल. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. रुजवण्याची रीत बीच्या कवचावरून आधी ठरवता येते. नाव मात्र पुष्कळदा रोपाला पानं फुटल्यावरच पक्कं होतं.

फोटो उघडला की मी सर्वांत आधी एकच गोष्ट बघते. ही बी थांबू शकणारी आहे की न थांबणारी? जांभूळ, आंबा, फणस यांच्या बिया ओल्या, मांसल असतात. त्या वाळल्या की मरतात. जांभळाची बी उघड्यावर दोन-तीन आठवडे पडली तर तिच्यात फारसं काही उरत नाही. अशी बी दिसली की मी नावाच्या मागे लागत नाही, "आजच मातीत घाला" एवढं कळवते. याउलट टणक, कोरडी, गुळगुळीत बी असेल तर घाई नसते. तिला नीट बघायला, मोजायला, पुन्हा फोटो मागायला वेळ मिळतो. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या बहुतेक बिया या दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि माझ्याकडे येणारे सर्वाधिक फोटोही त्यांचेच असतात.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावातल्या शिक्षकांनी असाच फोटो पाठवला. शाळेजवळच्या रस्त्याच्या कडेने मुलांनी बिया गोळा केल्या होत्या. गावातल्या कोणीतरी त्या शिरीषाच्या आहेत असं सांगितलं होतं. पावसाळ्याआधी रोपं करून शाळेमागच्या उघड्या टेकडीवर लावायची, असा सरांचा बेत होता. फोटोत तळहातावर ओंजळभर तपकिरी बिया होत्या. फ्लॅशच्या उजेडात त्यांतल्या निम्म्या चमकत होत्या. एक खूण मात्र स्पष्ट दिसत होती. काही बियांच्या सपाट बाजूवर घोड्याच्या नालासारखी एक बारीक रेघ होती.

ही रेघ मला फार मोलाची वाटते. शिरीष, बाभूळ, खैर, सुबाभूळ, पर्जन्यवृक्ष अशा झाडांच्या बियांवर ती दोन्ही बाजूंना असते. नालाचं उघडं तोंड नाभीकडे असतं. नाभी म्हणजे जिथे बी शेंगेला देठाने जोडलेली असते ती जागा. रेघ दिसली की दोन गोष्टी कळतात. एक, आपण बाभूळ-शिरीषांच्या गोतावळ्यात आहोत. गुलमोहर, बहावा, करंज, पांगारा यांच्यावर अशी रेघ नसते, त्यामुळे ते सगळे यादीतून बाद होतात. दुसरी, कवच बहुतेक पाणी न शिरू देणारं असणार, म्हणजे नुसती पेरली तर बी महिनोन्‌महिने जशीच्या तशी पडून राहील. नाव कळायच्या आत रुजवण्याचा अर्धा प्रश्न असा सुटतो.

पुढचं ठरवायला मात्र तो फोटो पुरेसा नव्हता. मी सरांना पुन्हा फोटो काढायला सांगितलं आणि कसा काढायचा तेही सांगितलं. बिया हातावर घेऊ नयेत. हात वळलेला असतो आणि लेन्सच्या जवळ आलेली बी मोठी दिसते. गणिताच्या वहीतला आलेखाचा कागद सगळ्यांत चांगला, कारण त्यावरच्या मिलिमीटरच्या रेघा बीच्या अगदी खालीच असतात. तो नसेल तर मोजपट्टी चालते. लोक सहसा रुपयाचं नाणं ठेवतात, पण ते फसवतं. २०११ पासूनचं एक रुपयाचं नाणं साधारण २२ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि त्याआधीच्या वर्षांतलं २५ मिलिमीटरचं. नाणं कोणतं हे कळलं नाही, तर नऊ मिलिमीटरची बी मला आठाची किंवा दहाची वाटू शकते. मी ज्या झाडांमध्ये निवड करत असते, त्यांच्यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

उजेड खिडकीतून एका बाजूने येणारा असावा आणि फ्लॅश बंद असावा. फ्लॅशने चकचकीत बीवर पांढरा डाग पडतो आणि रेघ नेमकी त्या डागाखाली लपते. तिरप्या उजेडात रेघेची बारीक सावली पडून ती उठून दिसते. शिवाय फोटो तीन बाजूंनी हवा: सपाट बाजू, कड आणि नाभीचं टोक. कडेचा फोटो कोणी आपणहून पाठवत नाही आणि माझा निर्णय बहुधा त्याच्यावरच होतो, कारण बीची जाडी फक्त तिथे दिसते.

सरांनी मुलांकडूनच हे काम करून घेतलं. आलेखाच्या कागदावर बिया ओळीने मांडल्या होत्या आणि तसं मांडताना मुलांच्याच लक्षात आलं होतं की त्या सगळ्या सारख्या नाहीत. नव्या फोटोत तीन प्रकारच्या बिया उघड दिसत होत्या.

पहिल्या प्रकारातल्या बिया आठ ते दहा मिलिमीटर लांब आणि जवळजवळ तेवढ्याच रुंद होत्या, म्हणजे गोलाकडे झुकणाऱ्या लंबगोल. रंग फिकट तपकिरी, पृष्ठभाग फारसा न चमकणारा. कडेने बघितल्यावर अगदी चपट्या. नालाची रेघ बीच्या कडेला धरून, तिच्याशी समांतर जाणारी. ही शिरीषाची लक्षणं.

दुसऱ्या प्रकारातल्या बियांची लांबी तेवढीच होती, पण रुंदी कमी, सहा-सात मिलिमीटर. रंग गडद, चॉकलेटसारखा, चकाकी भरपूर, आणि नालाची रेघ पिवळसर, रंगाने रेखल्यासारखी. कडेच्या फोटोत खरा फरक दिसला. या बिया फुगीर होत्या. हा पर्जन्यवृक्ष, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्याकडे रस्त्यांच्या कडेने इतका लावलेला की पुष्कळ जण त्यालाच शिरीष समजतात. वरून काढलेल्या फोटोत या दोन बियांची गल्लत सहज होते, कडेच्या फोटोत होत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या बिया सात-आठ मिलिमीटर लांब, चार-पाच रुंद, लालसर तपकिरी आणि तकतकीत होत्या. आकार थेंबासारखा: नाभीकडे निमुळता, दुसऱ्या टोकाला गोल. ही सुबाभूळ. पिशवीत तीच सर्वांत जास्त होती.

रंगाचा उल्लेख मी वर केला आहे, पण त्यावर मी सगळ्यांत शेवटी विसंबते. एकाच शेंगेतली अर्धकच्ची बी हिरवट असते, पिकलेली तपकिरी आणि उन्हात पडलेली त्याहून गडद. फोनचा कॅमेराही उजेडाप्रमाणे रंग बदलतो. आकार, जाडी आणि रेघ बदलत नाहीत. म्हणून आधी त्या तिन्ही बघायच्या आणि रंग केवळ पडताळ्याला घ्यायचा.

फोटोत न दिसणारी एक गोष्ट कोणालाही घरी करता येते, ती म्हणजे वजन. एकेका प्रकारच्या शंभर बिया मोजून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायच्या. सुबाभळीच्या शंभर बिया पाच-सहा ग्रॅमच्या आसपास भरतात. शिरीषाच्या साधारण आठ ते चौदा ग्रॅम. पर्जन्यवृक्षाच्या बारा ते वीस. सुबाभूळ यातून स्पष्ट वेगळी पडते. शिरीष आणि पर्जन्यवृक्ष यांचे आकडे एकमेकांत शिरतात, त्यामुळे वजनावरून त्यांचा निवाडा करू नये. तिथे जाडीच बघावी.

मग शेंगेची चौकशी. "बी कोणत्या शेंगेतून निघाली?" या प्रश्नाचं उत्तर कधीकधी सगळ्या मोजमापांपेक्षा जास्त सांगून जातं. शिरीषाची शेंग पसरट, कागदासारखी पातळ आणि गवती रंगाची असते. झाडाची पानं गळली तरी शेंगा लटकत राहतात आणि वाऱ्यावर खुळखुळतात. पर्जन्यवृक्षाची शेंग काळपट आणि जाड असते, आत चिकट गोड गर असतो. ती आपोआप उकलत नाही आणि जनावरं ती आवडीने खातात. सुबाभळीच्या शेंगा झुपक्यांनी येतात आणि झाडावरच उकलून बिया खाली सांडतात. सरांनी मुलांना पुन्हा त्या रस्त्यावर पाठवलं. मुलं तिन्ही शेंगा घेऊन आली. रस्त्याच्या कडेला मोठी झाडं होती पर्जन्यवृक्ष आणि शिरीष, आणि त्यांच्या सावलीत कुंपणाला लागून सुबाभूळ माजली होती. खाली झाडून गोळा केलेल्या बिया मिसळणारच होत्या.

इथे फोटोची मर्यादाही सांगायला हवी. पहिल्या प्रकाराला मी शिरीष म्हटलं, तरी शिरीषाच्याच कुळीतली किन्हई आणि काळा शिरीष यांच्या बिया दिसायला त्याच धाटणीच्या असतात. किन्हईची बी सहसा लहान असते, पण शिरीषाची लहान बी आणि किन्हईची मोठी बी शेजारी ठेवली तर फोटोवरून सांगणं मला जमत नाही आणि मी सांगतही नाही. तेव्हा झाडाकडे परत जावं लागतं. किन्हईचं खोड फिकट, पांढुरकं आणि गुळगुळीत असतं. शिरीषाची साल गडद आणि भेगाळलेली. नुसत्या बीच्या फोटोवरून मी दोन-तीन नावांची यादी देते आणि त्यांत कसं ठरवायचं ते सांगते. एकच नाव ठामपणे देण्याइतका पुरावा बऱ्याच फोटोंत नसतो.

एक सूचना मी प्रत्येकाला न विसरता देते. अनोळखी बी चावून, चाखून बघू नका आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असते, पण कवच फुटलेली गुंज पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं.

आता रुजवण्याकडे. पेरण्याआधी बिया निवडायच्या. आमच्याकडच्या मावशी सुपात पसरून हे काम करतात. शिरीषाच्या बियांना भुंगेऱ्याची कीड फार लागते. बीवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं की समजायचं, आत वाढलेला भुंगेरा बाहेर पडून गेला आहे आणि आतला ऐवज त्याने खाल्ला आहे. अशा बिया बाजूला काढायच्या. अनेक जण बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेकून देतात. चपट्या, गुळगुळीत, कोरड्या बियांच्या बाबतीत त्यावर फार भरवसा ठेवू नये, कारण चांगली बीसुद्धा पाण्याच्या पृष्ठभागावर अडकून राहते. तिला बोटाने खाली दाबून बघावं आणि तरीही वर आली तरच संशय घ्यावा. खात्री करायची असेल तर मूठभर बियांतल्या तीन-चार बिया ब्लेडने उभ्या कापाव्यात. आतल्या डाळी पिवळसर, घट्ट आणि कवचाला भिडलेल्या असतील तर बी जिवंत असण्याची आशा आहे. आत करडी भुकटी किंवा आक्रसलेला तपकिरी तुकडा असेल, तर त्या पिशवीकडून जास्त अपेक्षा करू नये.

मग कवचाचा प्रश्न. या बियांच्या कवचात उभ्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा थर असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. आतला अंकुर जिवंत असतो, कोरडा असतो आणि तसाच राहतो. तो किती काळ राहू शकतो याचं एक उदाहरण शिरीषाच्याच वंशातलं आहे. चीनमधून १७९३ साली गोळा करून नेलेल्या, शिरीषाच्या एका भावंडाच्या बिया लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वाळवलेल्या नमुन्यांत ठेवलेल्या होत्या. १९४० साली बॉम्बहल्ल्यात तिथे आग लागली, ती विझवताना नमुने भिजले आणि त्या बियांना मोड आले. जवळजवळ दीडशे वर्षं त्या कागदावर थांबल्या होत्या.

निसर्गात हे कवच हळूहळू उघडतं. उन्हाळ्यातली तापलेली जमीन आणि रात्रीचा गारवा, जनावरांच्या पोटातला प्रवास, यांनी ते कमजोर होतं. शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून गोळा केलेली बाभळीची बी चांगली उगवते हे धनगरांना आणि जुन्या रोपवाटिकांना पूर्वीपासून माहीत आहे. आपल्याला तेच काम एका रात्रीत करायचं असतं.

त्यासाठी मी सरांना प्रत्येक प्रकारच्या तीसेक बिया घेऊन त्यांचे दहा-दहाचे तीन वाटे करायला सांगितले. सगळ्या बिया एकाच उपायाला लावायच्या नाहीत, कारण नाव अजून अंदाजानेच ठरलेलं आहे. काही बिया काहीच न करता फुगतात, विशेषतः ताज्या असल्या तर, आणि ते आपल्याला कळलं पाहिजे.

पहिला वाटा साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचा. दुसऱ्या वाट्याला गरम पाणी. पाणी उकळून भांडं चुलीवरून उतरवायचं, उकळी पूर्ण बसू द्यायची आणि दोन-तीन मिनिटांनी ते बियांवर ओतायचं. पाणी साधारण ऐंशी अंशांपर्यंत उतरलेलं असावं आणि बियांच्या आकारमानाच्या दहापट तरी असावं. कमी पाणी लगेच निवतं आणि उपयोग होत नाही. मग त्याच पाण्यात बिया सकाळपर्यंत राहू द्यायच्या. नाभीजवळ कवचाचा एक बारीकसा कमकुवत ठिपका असतो. उष्णतेने तो उचकटतो आणि तिथून पाणी आत शिरतं. बिया चुलीवर पाण्यासोबत उकळत ठेवायच्या नाहीत, त्यात अंकुर शिजतो.

तिसऱ्या वाट्याला नेलकटर. बीच्या नाभीपासून दूरच्या, गोलसर टोकावर कवचाचा अगदी लहान तुकडा कापायचा, आतली फिकट डाळ जेमतेम दिसेल एवढाच. नाभीकडे हत्यार लावायचं नाही, कारण अंकुराचं मूळ त्याच टोकाला असतं. नेलकटर नसेल तर खरखरीत फरशीवर किंवा पॉलिशपेपरवर ते टोक घासलं तरी चालतं. ही रीत सर्वांत खात्रीची, पण एकेक बी हाताळावी लागते. दहा बियांना ठीक, किलोभर बियांना गरम पाणीच परवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल डोळ्यांना दिसतो. पाणी प्यालेली बी जवळजवळ दुप्पट होते, तिची चकाकी जाते आणि नखाने दाबली तर कवच मऊ लागतं. पाणी न प्यालेली बी जशीच्या तशी टणक राहते. सरांच्या शाळेत साध्या पाण्यातल्या बहुतेक बिया तशाच होत्या, गरम पाण्यातल्या अर्ध्याहून जास्त फुगल्या होत्या आणि कापलेल्या जवळजवळ सगळ्या. न फुगलेल्या बियांना मेलेल्या समजून फेकायचं नाही. त्यांचं कवच अजून बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना पुन्हा गरम पाणी किंवा नेलकटर लावायचं.

फुगलेली बी मात्र लगेच मातीत गेली पाहिजे. एकदा पाणी आत गेलं की ती पुन्हा वाळवून ठेवता येत नाही. पाण्यातही चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आतल्या अंकुराला हवा मिळत नाही आणि पाण्याला वास यायला लागतो. आम्ही पोयट्याची माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागांत मिसळून उंच पिशव्या भरतो. उथळ ट्रे टाळतो, कारण या झाडांचं सोटमूळ वर पान दिसायच्या आत खाली धावतं आणि तळाला लागलं की वाकडं होतं. बी एक-दीड सेंटिमीटर खोल, आडवी ठेवायची आणि झारीने हलकं पाणी द्यायचं. उन्हाळ्यात शेडनेटखाली आठवडाभरात उगवण दिसू लागते. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत तीच बी दुप्पट वेळ घेते, म्हणून मी थंडीत चाचणी करत नाही.

उगवण झाली नाही तर बी उकरून बघावी, ती स्वतःच कारण सांगते. टणक आणि कोरडी असेल तर कवच उघडलेलंच नाही. फुगून मऊ झालेली आणि दाबल्यावर पांढरट चिकट द्रव सोडणारी असेल तर अंकुर आधीच मेलेला होता किंवा माती पाण्याने गच्च झाली होती. मूळ बाहेर येऊन टोकाला तपकिरी पडलं असेल तर मध्ये कधीतरी माती सुकली. आणि रोप उगवून जमिनीलगत देठ बारीक होऊन आडवं पडत असेल, तर ती बुरशी आहे: पाणी कमी करायचं, हवा खेळू द्यायची आणि पडलेली रोपं काढून टाकायची. या चार अवस्था ओळखता आल्या की पुढच्या खेपेला काय बदलायचं ते ठरतं. नुसतं "उगवलं नाही" एवढं कळवलं तर मला काहीच सांगता येत नाही.

रोप वर आल्यावर ओळखीचं उरलेलं काम सुरू होतं. आधी दोन जाड डाळी दिसतात, त्यांच्यावरून भेद करता येत नाही. पहिलं पानही शिरीष आणि सुबाभूळ दोघांचं साध्या पिसासारखं, एकाच दांड्यावर पर्णिका असलेलं असतं. त्यानंतरची पानं दांड्याला फांद्या फुटल्यासारखी दुहेरी विभागलेली येतात आणि तिथे वाटा वेगळ्या होतात. सुबाभळीच्या पर्णिका बारीक, अरुंद आणि पुष्कळ. शिरीषाच्या मोजक्या, रुंद आणि टोकाला बोथट. पर्जन्यवृक्षाच्या तिरक्या चौकटीसारख्या, पानाच्या टोकाकडे मोठ्या होत जाणाऱ्या. रोपट्याची पानं मोठ्या झाडाच्या पानांसारखी हुबेहूब नसतात, म्हणून पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघण्यापेक्षा आम्ही दुसरी सोय केली आहे. ज्या झाडांची बी आम्ही स्वतः, झाड बघून, शेंगेतून काढली आहे, त्यांची चार-चार रोपं दरवर्षी वेगळ्या ओळीत वाढवतो. अनोळखी रोपाची पिशवी उचलून त्या ओळीशेजारी नेली की बहुतेक शंका तिथेच मिटतात.

सरांच्या पिशव्यांमध्येही तिसऱ्या-चौथ्या पानाला तिन्ही प्रकार वेगळे झाले आणि आलेखाच्या कागदावरचा अंदाज बरोबर ठरला. शिरीषाची रोपं टेकडीसाठी ठेवली. पर्जन्यवृक्षाची बी आम्ही टेकडीसाठी घेतली नाही, कारण तिथे इथलीच झाडं लावायची होती. उरलेली सुबाभूळ मात्र चुलीवर बराच वेळ उकळवून टाकली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत तिचं नाव आहे. ती उघड्या टेकडीवर पडली असती तर वर्षानुवर्षं मातीत राहून थोडी थोडी उगवत राहिली असती आणि मग तिला उपटत बसण्याशिवाय शाळेला दुसरं काम उरलं नसतं. शिरीष म्हणून पाठवलेल्या त्या ओंजळीत सर्वांत जास्त बिया तिच्याच होत्या, हे लक्षात घेतलं म्हणजे नालाची रेघ दिसल्यावरही जाडी का मोजायची, शेंग का मागायची आणि चौथ्या पानापर्यंत का थांबायचं, ते कळतं.

म्हणून कोणी बी घेऊन आलं की आम्ही तिच्या पाकिटावर आधी जागा, तारीख, झाडाखाली मिळाली की शेंगेतून काढली, लांबी-रुंदी-जाडी आणि रेघ आहे की नाही, हे लिहितो. त्याखाली कवचावर काय उपाय केला आणि किती बिया फुगल्या. नावाची ओळ मोकळी ठेवतो आणि पानं बघूनच ती भरतो. तुम्हीही घरी तसंच करा. जागा आणि तारीख लिहिलेली निनावी बी आम्हाला पुढे ओळखता येते. चुकीचं नाव ठामपणे लिहिलेलं पाकीट मात्र पुढच्या प्रत्येकाला चुकीच्या वाटेने नेतं.